‘कोर्स शून्य-एक-शून्य, बाकी सगळं ठीक’: पहाटे चारच्या वॉच-बदलाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचे

कोळसा घेऊन आलेले एक मालवाहू जहाज नोव्हेंबरमधल्या एका पहाटे रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदराकडे निघाले असताना बुडालेल्या खडकांच्या दिशेने गेले आणि पाच मिनिटे हाताशी असताना वळवले गेले. जहाजाला ओरखडाही उठला नाही, कोणी जखमी झाले नाही, आणि म्हणूनच या घटनेची नोंद कंपनीच्या अंतर्गत अहवालापुरती राहिली. जहाज, बंदर आणि माणसे ओळखू येऊ नयेत यासाठी आवश्यक तेवढे तपशील येथे वगळले आहेत. वेळा, अंतरे आणि बोलणे जहाजावरच्या व्हीडीआर या प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रातील नोंदीवरून घेतले आहे. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातले, संभाषण त्यात ध्वनिमुद्रित होत असल्यामुळे कोण काय म्हणाले याबद्दल नंतर वाद राहिला नाही.

पार्श्वभूमी

जहाज १९० मीटर लांबीचे होते आणि त्याचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, १२.८ मीटर होता. दक्षिणेकडून येताना कोकणचा किनारा उजव्या हाताला राहतो. ठरलेला मार्ग होकायंत्रावर ३४० अंशांचा, म्हणजे उत्तरेच्या २० अंश पश्चिमेला, किनाऱ्याला साधारण समांतर होता. मार्गाच्या उजवीकडे साडेचार मैलांवर २० मीटरची खोलीरेषा होती आणि तिच्याही आत अर्ध्या मैलावर एक खडकाळ उथळ भाग होता, जेथे पाणी आठ मीटर होते. पहाटे ४.५० च्या सुमारास वेपॉइंट, म्हणजे मार्गातील वळणाचा बिंदू, गाठून तेथून ०१२ अंशांवर वळायचे आणि नांगरवाड्याकडे जायचे, असा आराखडा होता. हा ०१२ चा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

इसीडीआयएस या इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्रावर सेफ्टी कंटूर, म्हणजे सुरक्षित खोलीची सीमारेषा, १६ मीटरचा भरलेला होता. ड्राफ्ट, वेगामुळे जहाज खाली बसते ते सुमारे सव्वा मीटर, आणि वर थोडी राखीव खोली अशी ही बेरीज होती. नकाशात १६ ची रेषा नसते. अशा वेळी यंत्र आपोआप पुढची खोल रेषा धरते, म्हणून पडद्यावर ठळक दिसणारी आणि ओलांडली तर इशारा देणारी रेषा २० मीटरची होती. येथपर्यंत सर्व नीट होते, आणि मार्गाच्या आराखड्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

ब्रिजवर मध्यरात्री ते चार या वेळेत सेकंड ऑफिसर होता, मूळचा दापोलीकडचा, समुद्रावर सात-आठ वर्षे काढलेला. चार ते आठ चीफ ऑफिसरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, होती. लुकआउटवर, म्हणजे टेहळणीवर, असलेला एबी दर्जाचा खलाशी देवगडचा होता आणि त्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत असल्यामुळे किनाऱ्यावरचे दिवे तो नावाने ओळखत असे. चीफसोबत चारच्या वॉचला एक डेक कॅडेट असे, रत्नागिरीचा. वाऱ्याचा जोर नव्हता, धूसर हवा होती, आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठून तीन महिने झाले असल्याने समुद्रावर होड्यांचे दिवे दाट होते. कॅप्टन रात्री अकराला खाली गेले तेव्हा त्यांनी नाइट ऑर्डरमध्ये ‘पाच वाजता उठवावे, शंका आल्यास त्याआधी’ असे लिहिले होते.

अडचण कशी तयार झाली

मध्यरात्रीनंतर सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोरील खडकाळ पट्ट्याच्या बाहेरून जाताना इसीडीआयएस वारंवार इशारे देऊ लागले. यंत्र जहाजाच्या पुढच्या बारा मिनिटांच्या वाटेची तपासणी करत होते, आणि त्या कक्षेत नकाशावरील एकेक सुटा धोका येत होता. आवाजाने लक्ष विचलित होते म्हणून सेकंडने ही मुदत बारावरून तीन मिनिटांवर आणली. त्या पट्ट्यापुरते हे समजण्यासारखे होते. पट्टा मागे पडल्यावर मात्र ती मुदत पुन्हा बारा करायची राहून गेली.

३.२८ ला समोर आणि डाव्या बाजूला होड्यांचा एक जथा आला. जाळी टाकलेल्या होडीपासून दूर राहणे हे इंजिनावर चालणाऱ्या जहाजाचे काम असते, आणि मोकळे पाणी उजवीकडे होते. सेकंडने २० अंश उजवीकडे घेऊन ००० धरला. ३.४३ ला जहाज मार्गापासून एक मैलापेक्षा जास्त ढळल्याचा इशारा वाजला. त्याला ते ठाऊक होते, त्याने तो मान्य केला आणि आवाज बंद झाला. मान्य केलेला इशारा यादीत राहतो, पण पुन्हा वाजत नाही. लगेच आणखी होड्या दिसल्या आणि ३.४४ ला त्याने कोर्स ०१० केला. होड्या जवळून पाहता याव्यात म्हणून पडद्याची रेंज दीड मैलांवर आणली होती, त्यामुळे ठरलेल्या मार्गाची रेषा थोड्याच वेळात पडद्याबाहेर गेली.

दोन्ही वळणे स्वतःपुरती योग्य होती, फक्त ती किनाऱ्याकडे होती. उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाने या किनाऱ्यावर होड्यांसाठी उजवीकडे सरकत राहणे म्हणजे दर वेळी जमिनीकडे सरकणे होय. बारा नॉट वेगाने ३० अंश बाजूला गेलेले जहाज दर दहा मिनिटांनी एक मैल किनाऱ्याकडे जाते. चार वाजता हे जहाज मार्गाच्या २.७ मैल उजवीकडे होते. सेकंडच्या मनात हिशेब स्पष्ट होता: होड्या मागे पडल्या की पाच-सात मिनिटांत डावीकडे घेऊन परत मार्गावर जायचे. हा हिशेब कोठेही लिहिलेला नव्हता आणि त्याखेरीज कोणालाही माहीत नव्हता.

वॉच देता-घेताना

चीफ ऑफिसर ३.५२ ला ब्रिजवर आला. बंदरातील कागदपत्रे पूर्ण करण्यासाठी तो उशिरापर्यंत जागा होता, आणि वर आल्यावर आधी मागच्या चार्टरूममध्ये उजेडात ईमेल पाहायला गेला. पुढे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय झालेली नव्हती. व्हीडीआरमधील संभाषण सव्वा मिनिटाचे आहे. त्यातील महत्त्वाचा भाग असा:

“गुड मॉर्निंग सर. कोर्स शून्य-एक-शून्य, फुल सी स्पीड. डावीकडे होड्या आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवा. कॅप्टनना पाचला उठवायचंय. बाकी सगळं ठीक.”

“बरं. घेतली वॉच.”

या बोलण्यात एकही वाक्य खोटे नाही. कोर्स ०१० होता, वेग तोच होता, होड्या डावीकडे होत्या. सांगितले गेले नाही ते एवढेच, की ०१० हा ठरलेला कोर्स नसून तात्पुरता आहे, जहाज मार्गापासून पावणेतीन मैल ढळलेले आहे, परत वळायचे बाकी आहे, आणि यंत्राची पुढे पाहण्याची मुदत कमी केलेली आहे. दूध चुलीवर ठेवले आहे हे न सांगता घर दुसऱ्याच्या हवाली करण्यासारखा हा प्रकार होता.

चीफला शंका का आली नाही, याचे उत्तर ०१२ मध्ये आहे. संध्याकाळी त्याने मार्ग पाहिला होता आणि नांगरवाड्याकडचा शेवटचा टप्पा ०१२ असल्याचे त्याच्या लक्षात होते. ०१० ऐकल्यावर जहाज शेवटच्या टप्प्यावर वळले आहे असे त्याने धरले. प्रत्यक्षात ते वळण अजून दहा मैल पुढे होते. ऐकलेली गोष्ट आधीच्या समजुतीत चपखल बसली की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच आहे. चुकीचा आकडा खटकला असता. जवळजवळ बरोबर वाटणारा आकडा खटकला नाही.

खलाशांचे प्रशिक्षण आणि वॉच यांविषयीच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय संहितेत याविषयी नियम स्पष्ट आहे: धोका टाळण्यासाठी वळण किंवा अन्य कृती चालू असेल तर ती पूर्ण होईपर्यंत वॉच-बदल पुढे ढकलावा. घेणाऱ्याने आपली नजर अंधाराला सरावल्याशिवाय वॉच घेऊ नये, हेही तेथेच आहे. दोघांनाही हे नियम पाठ होते. पण ०१० वर जहाज सोळा मिनिटे सरळ चालले होते. सरळ चाललेले जहाज पाहून ‘वळण चालू आहे’ असे कोणाला वाटत नाही. होडी टाळण्याची कृती जहाज मूळ मार्गावर परतेपर्यंत चालूच असते, असा अर्थ घेतला तरच त्या नियमाचा उपयोग होतो.

त्याच वेळी लुकआउटही बदलला. देवगडचा एबी जाता जाता नव्या एबीला म्हणाला, “उजवीकडचो दिवो जवळ दिसता.” किनाऱ्यावरचा तो दिवा त्या वेळी इतका उंच आणि ठसठशीत दिसायला नको होता, हे त्याच्या अनुभवाने त्याला जाणवले होते. हे वाक्य दोन खलाशांत राहिले. ते अधिकाऱ्याला सांगण्याची गोष्ट आहे असे दोघांनाही वाटले नाही, कारण लुकआउटने जहाजे आणि होड्या कळवायच्या, जहाज कोठे आहे ते अधिकारी पाहतात, अशी त्या ब्रिजवरची रीत झाली होती.

कॅडेटचे दोन प्रयत्न

किनाऱ्याजवळ असताना दर पंधरा मिनिटांनी जीपीएसवर विसंबून न राहता रडारवरील अंतर आणि दिशा घेऊन स्थान तपासावे, अशी कॅप्टनची स्थायी सूचना होती. ते काम कॅडेटकडे होते. ४.०८ ला त्याने इको साउंडरकडे पाहिले. किलखाली, म्हणजे जहाजाच्या तळाखाली, ११ मीटर पाणी होते, म्हणजे एकूण खोली २४ मीटरच्या आत आली होती. तो म्हणाला, “सर, साउंडर अकरा दाखवतोय.” चीफ दुर्बिणीतून होड्या पाहत होता. “हो, किनारा जवळ येतोय ना आता,” असे उत्तर आले. चीफच्या समजुतीप्रमाणे जहाज नांगरवाड्याकडे चालले होते, त्यामुळे पाणी कमी होणे त्याला अपेक्षितच वाटले. कॅडेटचा आकडा बरोबर होता, परंतु त्यासोबत अर्थ आला नाही, म्हणून तो चीफच्या समजुतीत जिरून गेला.

येथे कॅडेट गप्प बसू शकला असता. चीफ त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता, आणि आपल्याकडे मोठ्या माणसाने एकदा उत्तर दिले की पुन्हा विचारणे उद्धटपणाचे समजतात. त्याने ४.१० ला दीपगृहाचे अंतर आणि दिशा घेऊन स्थान काढले, ते इसीडीआयएसवर टाकले, रेंज बारा मैलांवर नेली आणि मग बोलला:

“सर, रडार फिक्स घेतलंय. आपण ट्रॅकच्या पावणेचार मैल उजवीकडे आहोत. पुढे वीसचा कंटूर सात-आठ मिनिटांवर आहे. कोर्स हाच ठेवायचा आहे का?”

या बोलण्यात चार गोष्टी आहेत: माहिती कोठून आली, जहाज कोठे आहे, पुढे काय आणि कधी, आणि उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न. ४.०८ च्या वाक्यात फक्त एक आकडा होता. दोन्ही वाक्ये त्याच मुलाने, त्याच अधिकाऱ्याला, तितक्याच अदबीने सांगितली. पहिल्याने काहीही बदलले नाही. दुसऱ्याने चीफ दुर्बीण ठेवून पडद्याकडे आला आणि ४.१३ पर्यंत त्याला सर्व उमगले होते. तेव्हा कंटूर अर्धा मैल आडवा, म्हणजे पाच मिनिटांवर होता, आणि खडक दहा मिनिटांवर.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला विचार इंजिन थांबवून मागे फिरवण्याचा होता. भरलेल्या स्थितीत पूर्ण वेगावरून थांबण्यास या जहाजाला सुमारे दीड मैल लागतो, हे ब्रिजवरील तक्त्यात लिहिलेले असते. दीड मैल त्याच दिशेने जाताना जहाज पाऊण मैल किनाऱ्याकडे सरकले असते, आणि शिल्लक होता अर्धा मैल. शिवाय इंजिन समुद्री वेगावर होते आणि इंजिनरूममध्ये त्या वेळी कोणी नव्हते, त्यामुळे लगेच उलटे फिरण्याची खात्री नव्हती. संकट दिसले की थांबावे ही साहजिक इच्छा असते, पण भरलेल्या जहाजाला थांबण्यापेक्षा वळण्यास बरीच कमी जागा लागते.

उजवीकडे वळणे म्हणजे थेट उथळ पाण्यात शिरणे, म्हणून तो पर्याय नव्हता. डावीकडे थोडे वळून ठरलेल्या मार्गाला समांतर व्हावे तर होड्या आणि त्यांची जाळी नेमकी त्या दिशेला, सर्वांत जवळची होडी एक मैलावर. राहिला तो डावीकडे मोठे वळण घेऊन, सर्व होड्या उजव्या हाताला ठेवून, त्यांच्या दक्षिणेकडून खुल्या समुद्राकडे निघण्याचा मार्ग. मागून येणारे जहाज नाही ना, हे रडारवर पाहणे तेवढे आवश्यक होते.

कृती आणि निष्पत्ती

चीफने ऑटोपायलट काढून एबीला सुकाणूवर घेतले, कॅडेटला मागची बाजू पाहून मोठ्याने सांगायला लावले, आणि “पोर्ट ट्वेंटी”, म्हणजे सुकाणू वीस अंश डावीकडे, अशी आज्ञा दिली. एबीने आज्ञा उच्चारून परत सांगितली, सुकाणू वळल्यावर पुन्हा सांगितले. त्याच मिनिटात कॅप्टनना फोन गेला: “सर, ब्रिजवर या. ट्रॅकपासून चार मैल उजवीकडे आहोत, डावीकडे वळवतोय.” कॅप्टन आले तेव्हा जहाज वळत होते. त्यांनी स्वतः आज्ञा देण्यास सुरुवात केली नाही. “कमांड तुझ्याकडेच आहे, मी रडार बघतो,” हे त्यांनी शब्दांत सांगितले. कॅप्टन ब्रिजवर आल्याने जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे जात नाही, ती घेतली असे स्पष्ट सांगावे लागते. अशा घाईत दोन माणसे दोन आज्ञा देतात किंवा दोघेही समोरच्यावर सोडतात, आणि हे एक वाक्य दोन्ही टाळते.

जहाज २५० अंशांवर स्थिर झाले तेव्हा कंटूरपासूनचे सर्वांत कमी अंतर सुमारे ६५० मीटर भरले होते आणि किलखालचे पाणी नऊ मीटरपर्यंत उतरून पुन्हा वाढू लागले होते. सेकंडला वर बोलावून विचारल्यावर पुढे पाहण्याची मुदत तीन मिनिटे असल्याचे उघड झाले. ती बारा असती तर इशारा ४.०६ ला वाजला असता. तीनवर तो ४.१५ ला वाजणार होता. अंधाराला न सरावलेल्या डोळ्यांनी पडदा वाचून, आपली समजूत मोडून, वळण निवडण्यास चीफला कॅडेटच्या मदतीसह दोन मिनिटांहून अधिक लागले होते, हे पाहता ४.१५ चा इशारा पुरला असता असे मला वाटत नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे सेकंडने वॉच दहा मिनिटे उशिरा द्यायची. होड्या मागे टाकून, ३४० च्या डावीकडे वळून जहाज मार्गाकडे परतू लागल्यावर दिली असती तर पुढचे काहीच घडले नसते. वॉच वेळेवर देणे ही समुद्रावर सभ्यता मानली जाते आणि उशीर झाला तर झोप कमी होते, हे दोन्ही खरे आहे. तरी निर्णय देणाऱ्याचाच असतो, कारण काय अर्धवट राहिले आहे हे त्यालाच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट घेणाऱ्याची. चीफने ऐकले आणि होकार दिला. त्याऐवजी स्वतः पडद्यावर स्थान पाहून, रेंज वाढवून, ‘मार्ग ३४० होता ना, मग ०१० का?’ एवढे विचारले असते तर सेकंडच्या मनातील हिशेब बाहेर आला असता. सांगितलेले परत उच्चारण्याची सवय सुकाणूच्या आज्ञांना लागू आहे, वॉच घेताना मात्र क्वचित दिसते. १९९५ मध्ये नँटकेटजवळ रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज वाळूच्या दांड्यावर चढले, तेव्हा जीपीएसच्या अँटेनाची तार सुटल्यामुळे ते सतरा मैल ढळलेले होते आणि मधल्या वॉच-बदलांत प्रत्येक अधिकाऱ्याने तेच स्थान पुढच्याला दिले होते. घेणारा स्वतंत्रपणे स्थान काढत नाही तोपर्यंत वॉच-बदल ही चूक पकडण्याची संधी न राहता चूक पुढे नेण्याची वाट होते.

या घटनेनंतर त्या जहाजावर वॉच-बदलाच्या लेखी यादीत दोन ओळी वाढवल्या गेल्या: ‘मूळ आराखड्यापासून आत्ता वेगळे काय आहे आणि ते केव्हा पूर्ववत करायचे’ आणि ‘माझ्या वॉचमध्ये कोणती सेटिंग बदलली’. तपासणी-यादीतील बाकीच्या पंचवीस-तीस ओळींपेक्षा या दोनच अधिक उपयोगाच्या आहेत असे मला वाटते, कारण बाकीचे सर्व घेणाऱ्याला यंत्रांवर पाहता येते. लुकआउटचा बदल अधिकाऱ्याच्या बदलानंतर अर्ध्या तासाने करण्याचेही ठरले, म्हणजे ब्रिजवरची सर्व स्मृती एकाच क्षणी खाली जात नाही. हे लहान नोकरवर्गाच्या जहाजावर विश्रांतीच्या तासांच्या हिशेबात बसवणे कठीण जाते. चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती राखून वेळापत्रक आखताना पहिल्याच महिन्यात ते दोनदा मोडावे लागले.

कॅडेटच्या बाबतीत कंपनीने त्याचे कौतुक केले, परंतु अहवालात ४.०८ ते ४.१० ही दोन मिनिटे तपासलेली नाहीत. ती तपासायला हवी होती. पहिल्या उत्तरानंतर त्याने पुन्हा बोलावे की नाही हे त्याच्या स्वभावावर सोडलेले होते. कॅप्टननी नंतर स्थायी सूचनांत लिहिले की किलखालचे पाणी पंधरा मीटरच्या आत आले, तर ते पाहणाऱ्याने ‘आराखड्याप्रमाणे येथे किती असायला हवे’ हा आकडाही सोबत सांगायचा, आणि दोन आकडे जुळत नसतील तर अधिकाऱ्याने कारण उच्चारून सांगेपर्यंत विषय बंद करायचा नाही. देवगडच्या एबीलाही किनाऱ्यावरचे दिवे अपेक्षेपेक्षा जवळ वाटले तर कळवणे हे त्याच्या कामात लिहून दिले गेले. पुढच्याच फेरीत त्याने एकदा असे कळवले. जहाज मार्गावरच होते. वॉचवरच्या अधिकाऱ्याने रडारवर अंतर मोजून ते त्याला सांगितले आणि लॉगबुकात नोंद केली.